एक्केचाळीस स्लाइड आणि दोनशे शब्द

*मॅडम, मी गोव्यात मृदाशास्त्रात पीएचडी करते. खाऱ्या पाण्यापासून बांधाने राखलेल्या खाजन शेतीतल्या क्षारांवर विभागात ५० मिनिटांचा सेमिनार दिला, ४१ स्लाइड होत्या. आता एका मराठी परिसंवादाने त्याचाच सुमारे दोनशे शब्दांत सारांश मागितलाय. प्रत्येक स्लाइडचं एकेक वाक्य करत गेले तर ४३० शब्द झाले. कापून कापून २०५ वर आणला, तर गाइड म्हणतात, "यात सापडलं काय, तेच कळत नाही." डेक आणि मसुदा दोन्ही जोडलंय. कुठे चुकतंय?*
*— तिसवाडीतली एक वाचक*

तुझा मसुदा मी चोडणहून रायबंदरला येताना फेरीत वाचला. धक्का लागायच्या आत वाचून झाला, आणि खरं सांगायचं तर तुझे गाइड म्हणतात तेच मलाही वाटलं. डेक मात्र घरी येऊन सावकाश उघडली आणि चकित झाले. तुझ्याकडे सांगण्यासारखी एक छान गोष्ट आहे, ती फक्त सारांशात उतरलेली नाही.

आधी एक खुलासा. तुझं काम अजून छापून आलेलं नाही, म्हणून इथे मी तुझे आकडे, स्लाइडचे क्रमांक आणि जागेच्या खुणा बदलल्या आहेत. खालचे आकडे नुसते उदाहरणापुरते. तू आपले खरे घाल.

मसुद्यातली तुझी तीन वाक्यं बघ. "खाजन शेतीच्या पार्श्वभूमीचा आढावा घेण्यात आला आहे." "तीन ऋतूंत मातीची क्षारता मोजण्यात येऊन तुलनात्मक विश्लेषण करण्यात आले आहे." "प्राप्त निष्कर्षांवर चर्चा करण्यात आली आहे." ही तुझ्या तिसऱ्या स्लाइडवरची रूपरेषा आहे, क्रियापदं लावलेली. जेवायला बोलावून पाहुण्यांना नुसती भांडी दाखवावीत तसं झालं. आढावा घेतला, मोजलं, चर्चा केली. बरं, मग मिळालं काय?

यात तुझा दोष थोडा आणि डेकचा जास्त. सेमिनारची डेक एकटी बोलत नाही, शेजारी तू उभी असतेस. पडद्यावर "परिणाम – ३" आणि एक आलेख असतो, आणि त्याचा अर्थ तू तोंडाने सांगतेस. तो अर्थ फाइलमध्ये कुठेच लिहिलेला नसतो. त्यामुळे स्लाइडवरचा मजकूर गोळा करून सारांश केला की मथळे हाती येतात आणि बोललेलं सगळं गळून जातं. मग शब्द कितीही काप, ४३० चे २०५ होतात आणि अर्थ होता तिथेच राहतो.

म्हणून सुरुवात डेक बंद करून करायची. तुझ्या बोलण्यात खोलीतल्या लोकांनी मान वर करून पाहिलं ती जागा कुठली? आठवत नसेल तर शेवटी कोणी काय विचारलं ते आठव. तुझ्या बाबतीत मला ते विचारावंही लागलं नाही, कारण तुझी चाळिसावी स्लाइड "धन्यवाद" आहे आणि त्यानंतर एक्केचाळिसावी आहे. धन्यवादनंतरची स्लाइड माणूस कशासाठी ठेवतो? कोणी अडचणीचा प्रश्न विचारलाच तर दाखवायला. त्या स्लाइडवर मातीच्या क्षारतेचा एक साधा तक्ता आहे: फुटलेल्या बांधालगतची शेतं आणि शाबूत बांधालगतची शेतं, मे, जुलै, ऑक्टोबर. मे महिन्यात १४.२ आणि ८.१. जुलैत ३.१ आणि २.४. ऑक्टोबरमध्ये ५.६ आणि २.९. म्हणजे मे महिन्यात फरक मोठा, पावसाने दोन्हीकडचे क्षार धुऊन नेले, आणि पाऊस ओसरताच फुटलेल्या बाजूला ते पुन्हा चढले. शाबूत बाजू बरीचशी तिथेच राहिली. जो कोणी फक्त भर पावसात माती तपासेल तो म्हणेल, काही बिघडलेलं नाही.

हाच तुझा सारांश. बाकीच्या चाळीस स्लाइडना आता एकच प्रश्न विचारायचा: हा तक्ता वाचणाऱ्याला पटावा म्हणून तुझी गरज आहे का? ४ ते ११ या स्लाइडवरचा खाजनांचा इतिहास, कोमुनिदाद या गावसंस्थांचा कारभार, जुने नकाशे. सेमिनारला शोभा आली असेल, इथे त्यातलं एक वाक्य पुरे. १२ ते १८ वरचं इतरांचं संशोधन पूर्ण बाहेर, सारांशात संदर्भ देत नाहीत. १९ ते २४ ही कार्यपद्धती, यातले आकडे हवेत पण उपकरणाचा फोटो आणि प्रयोगशाळेची सजावट नको. ३८ वरचं "पुढील दिशा" मला अगदीच नकोसं वाटतं. पुढे काय करणार आहेस ते कोणी विचारलेलं नाही. मीही एकदा "सविस्तर निष्कर्ष सादर केले जातील" असं लिहून सारांश पाठवला होता, आणि परिसंवादाच्या दिवशी हातात निष्कर्षच नव्हते. छापलेलं वाक्य मात्र अजून आहे.

आता एक जागा जरा जवळून बघू. मसुद्यात तू लिहिलंयस, "ऑक्टोबरमध्ये फुटलेल्या बांधालगत क्षारता जवळपास चौपट आढळली." मी तक्ता पाहिला: ५.६ आणि २.९. भागून बघ, १.९ येतात. मग चौपट आलं कुठून? सत्ताविसाव्या स्लाइडवरच्या स्तंभालेखातून. त्याचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही, २ पासून होतो. त्यामुळे एका स्तंभाची दिसणारी उंची ३.६ आणि दुसऱ्याची ०.९, म्हणजे बरोबर चौपट. तू आकडा वाचला नाहीस, चित्र वाचलंस. डेकमधून लिहिताना ही चूक सहज होते आणि पकडायला कठीण, कारण लिहिणाऱ्याने तो आलेख पन्नासदा पाहिलेला असतो. सारांशातला प्रत्येक आकडा आलेखावरून न घेता मूळ तक्त्यातून घ्यायचा, आणि मसुद्याच्या समासात त्याच्यासमोर स्लाइडचा क्रमांक पेन्सिलीने लिहायचा. ज्या आकड्यासमोर क्रमांक लिहिता येत नाही, तो काढायचा. अठ्ठाविसाव्या स्लाइडवर तू "९३% अधिक" असंही लिहिलंयस. ते चूक नाही, पण टक्केवारी ऐकून माणसाला मूळ किती होतं ते कळत नाही. दोन्ही आकडे दे आणि "जवळजवळ दुप्पट" म्हण.

आकड्यांबरोबर ते कशावर मोजले तेही यायला हवं. तू विद्युत्‌वाहकता संपृक्त मातीच्या अर्कात मोजलीस, तीच तुझी क्षारता. मातीत पाणी घालून लगदा करायचा, तो पिळून निघालेल्या पाण्यात मोजायचं. बरेच जण एक भाग मातीत दोन भाग पाणी किंवा पाच भाग पाणी घालून मोजतात. पाणी जास्त म्हणजे क्षार पातळ, आणि त्याच मातीचा आकडा लहान येतो. म्हणून "संपृक्त मातीच्या अर्काची" हे तीन शब्द मसुद्यातून काढलेस ते परत घाल. ते नसतील तर दुसऱ्या कोणाला आपल्या आकड्यांशी तुझे ताडून बघता येणार नाहीत.

"बांध फुटल्यामुळे क्षारता वाढली" असं तू लिहिलंयस. स्लाइडवर तिथे नुसता बाण आहे: बांध फुटला, बाण, क्षार वाढले. बाणाला कर्ता नसतो, कारण नसतं, शंका नसते. तो दोन गोष्टी शेजारी ठेवतो आणि आपण समजायचं ते समजतो. वाक्यात उतरवताना मात्र "मुळे" लावायचं की "लगत", हे ठरवावंच लागतं. तेविसाव्या स्लाइडवर तूच म्हणतेस की दोन्हीकडची शेतं सारख्या उंचीवर नाहीत आणि मानस म्हणजे पाण्याच्या दारापासूनचं अंतरही वेगळं आहे. सखल शेतात पाणी तसंही तुंबतं. तेव्हा "फुटलेल्या बांधालगत वाढलेली आढळली" इथवर तुझा पुरावा तुला नेतो. "मुळे" म्हणायला तो पुरत नाही.

तसंच "३ च्या वर भाताचं उत्पादन घटू लागतं" हे वाक्य. साध्या भातासाठी ते ठीक, पुस्तकात तसंच दिलेलं असतं. पण तुझ्या त्या शेतांत कोरगुट लावलंय ना? ते खाऱ्या जमिनीत तग धरतं म्हणूनच खाजनात टिकून आहे. उत्पादन तू मोजलेलं नाहीस. ते वाक्य गाळ.

भाषेचं थोडक्यात. फुगलेली क्रियापदं मोडलीस की शब्द आपोआप वाचतात: "मोजमाप करण्यात आले" याचं "मोजले", "च्या माध्यमातून" याचं "ने". मराठीत विभक्ती शब्दालाच चिकटते, त्यामुळे इंग्रजीत दोनशे शब्द घेणारा मजकूर आपल्याकडे बराच कमी शब्दांत बसतो. म्हणजे मराठीत लिहिताना तुझ्याकडे जागा उलट जास्त आहे. पुढे इंग्रजी करायला सांगितलं तर मात्र हाच मजकूर वाढेल, तेव्हा एखादं वाक्य काढायची तयारी ठेव.

मी मांडून पाहिला तो असा:

> गोव्यातली खाजन शेती नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध आणि मानस यांच्या आधारे राखली जाते. बांध फुटला की शेतात खारे पाणी शिरते. पण पुढच्या पावसाने ते क्षार धुतले जातात का, आणि धुतले गेले तर जमीन तशीच राहते का, हे या अभ्यासात तपासले. तिसवाडीतल्या एका खाजनात फुटलेल्या बांधालगतची १२ आणि शाबूत बांधालगतची १२ भातशेते निवडून मे, जुलै आणि ऑक्टोबर अशा तीन वेळा वरच्या १५ सेंटिमीटर थरातल्या मातीचे नमुने घेतले आणि संपृक्त मातीच्या अर्काची विद्युत्‌वाहकता मोजली. मे महिन्यात फुटलेल्या बांधालगत ती सरासरी १४.२ आणि शाबूत बांधालगत ८.१ डेसिसीमेन प्रति मीटर होती. जुलैत ती अनुक्रमे ३.१ आणि २.४ पर्यंत उतरली. मात्र फुटलेल्या बांधालगतची तीन शेते पाण्याखाली असल्याने त्या महिन्याची सरासरी नऊ शेतांचीच आहे. ऑक्टोबरमध्ये शाबूत बांधालगत वाहकता २.९ राहिली, तर फुटलेल्या बांधालगत ती ५.६ झाली, म्हणजे जवळजवळ दुप्पट. म्हणजे फुटलेल्या बांधालगत पावसाने उतरलेले क्षार पीक पिकण्याच्या वेळी पुन्हा चढलेले आढळले. केवळ भर पावसात मोजणी केली असती तर हा फरक फारसा दिसला नसता. बांध फुटलेल्या शेतांची पाहणी पाऊस ओसरल्यावर पुन्हा करावी, असे यावरून सुचते. हा अभ्यास एका खाजनापुरता आणि एका वर्षापुरता आहे. दोन्ही गटांतल्या शेतांची उंची आणि मानसपासूनचे अंतर वेगळे असल्याने सगळा फरक बांधामुळेच आहे असे त्यावरून म्हणता येत नाही.

हे सुमारे १८५ शब्द भरतात. आणखी कापायची गरज नाही, "सुमारे दोनशे" म्हटलंय तर इतकं इकडेतिकडे चालतं. "म्हणजे" पाठोपाठ दोनदा आलंय, ते मला खटकतं. दुसरं तू बदल. यात बघ, निम्म्याहून जास्त शब्द काय केलं आणि काय सापडलं यावर गेलेत, खाजनाची ओळख तेरा शब्दांत आटोपली. तुझ्या मसुद्यात तिला नव्वद शब्द होते. आपल्याला आपली खाजनं प्रिय असतात हे मान्य, पण परिसंवादात नागपूरचा माणूस असला तरी त्याला बांध आणि खारं पाणी एवढं कळलं की पुरे. मानस म्हणजे पाण्याचं दार हे त्याला कळेल की नाही अशी शंका आली तर "मानस (पाणी सोडण्या-अडवण्याचे दार)" असं कर, उरलेल्या पंधरा शब्दांतले चार खर्ची पडतील.

आता ती पाण्याखालची तीन शेतं. सारांशात मी ती मुद्दाम आणली. तुझ्या बाविसाव्या स्लाइडवर ७२ नमुने आहेत: चोवीस शेतं, तीन वेळा. एकोणतिसाव्या स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरांत ६९ आहेत. मसुद्यात तू ७२ लिहिलेस. डेकमध्ये असे दोन आकडे राहून जातात, कारण कार्यपद्धतीच्या स्लाइड काम सुरू होताना केलेल्या असतात आणि निकालाच्या शेवटी. पण इथे ते नुसतं हिशेबाचं गणित नाही. कुठली तीन शेतं बुडाली होती ते नकाशात पाहिलं, तर ती भगदाडाला सगळ्यांत जवळची आहेत. म्हणजे जुलैत फुटलेल्या बाजूची सरासरी काढताना बहुधा सगळ्यांत खारट तीन शेतं आपोआप बाहेर राहिली. ३.१ हा आकडा त्यामुळेही लहान आला असेल. आणि आपला सगळा सारांश "जुलैत फरक फारसा दिसत नाही" यावर उभा आहे!

तेव्हा पाठवण्याआधी एक काम कर, तासाभराचं आहे. ती तीन शेतं मे आणि ऑक्टोबरमधूनही काढ आणि उरलेल्या नऊ शेतांच्याच तिन्ही महिन्यांच्या सरासऱ्या काढ. नऊ शेतांतही ऑक्टोबरचा आकडा पाचाच्या आसपास राहिला, तर सारांश आहे तसा जाऊ दे, आणि हवं तर "त्याच नऊ शेतांतही हेच दिसले" एवढं जोड. तो साडेतीनवर आला, तर क्षार पुन्हा चढतात ते मुख्यत्वे भगदाडाजवळच्या तीन शेतांत, असा त्याचा अर्थ होतो. मग "जवळजवळ दुप्पट" हे वाक्य तसं ठेवता येणार नाही, आणि भर पावसातल्या मोजणीचं वाक्यही पुन्हा लिहावं लागेल. आकडे काढलेस की मसुद्यासोबत गाइडना दाखव, स्लाइड न दाखवता.